साठलेले पैसे एकदम टाकायचे की थोडेथोडे?

नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली, की बचत खात्यात बऱ्यापैकी रक्कम साठते. मग एक दिवस प्रश्न पडतो, एसआयपी करावी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकावी, की एकदम पैसे टाकून मोकळं व्हावं? ऐकायला हा एक प्रश्न आहे, पण त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. दर महिन्याच्या पगारातून उरणाऱ्या पैशाचं काय करायचं, हा पहिला. आधीच साठून बसलेल्या पैशाचं काय करायचं, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि गोंधळ होतो तो एकाचं उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळे.

पहिल्या प्रश्नात खरं तर निवड करण्यासारखं काही नाही. पुढच्या वर्षभराचा पगार आज हातात नाही, त्यामुळे तो आज एकरकमी गुंतवता येणारच नाही. पैसे येतील तसे ते गुंतवायचे, एवढंच करता येतं. पगारातून जाणारी एसआयपी म्हणजे तेच. हातात आलेली रक्कम न थांबवता कामाला लावणं. म्हणजे तत्त्व म्हणून पाहिलं तर ती एकरकमी गुंतवणुकीच्याच बाजूला उभी आहे, फक्त रक्कम लहान आणि दर महिन्याला नवी. तिचा खरा विरुद्ध पर्याय कोणता? वर्षभर पैसे खात्यात साठवून मग 'योग्य वेळ' पाहून टाकणं. त्यात पैसे रिकामे बसतात आणि बऱ्याचदा मधेच खर्चही होतात.

एसआयपीची तारीख पगाराच्या दिवसानंतर तीन-चार दिवसांची ठेवावी. पगाराच्या दिवशीच ठेवली आणि सुट्टीमुळे पगार एक दिवस पुढे गेला, की खात्यात पैसे नसतात, हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते. असे हप्ते लागोपाठ परत गेले तर योजना आपोआप बंदही पडू शकते. ती बंद पडलेली अनेकांना कित्येक महिने कळत नाही, कारण आपण पैसे कापले गेल्याचा संदेश वाचतो, पण न आलेल्या संदेशाकडे लक्ष जात नाही. दर तीन महिन्यांनी एकदा खात्यातल्या युनिटांची, म्हणजे फंडातल्या आपल्या वाट्यांची, संख्या वाढली आहे ना, एवढं पाहावं. महिन्याची कोणती तारीख जास्त परतावा देते याचा शोध मात्र घेऊ नये. लांब काळात त्यातून हाती काही लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. इथे खरोखर निवड आहे, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

समजा हातात येणारा पगार ५०,००० आहे, खर्च ३५,००० आणि महिन्याला १५,००० उरतात. बचत खात्यात ४,५०,००० साठले आहेत. यातला सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे २,१०,०००, अडीअडचणीसाठी बाजूला काढायचा. एसआयपी की एकरकमी या चर्चेत तो येतच नाही. तो बाजारात जाऊ नये, कारण नोकरी जाणं आणि बाजार पडणं या दोन गोष्टी अनेकदा हातात हात घालून येतात. उरले २,४०,०००. हे पैसे दहा-पंधरा वर्षं लागणार नाहीत आणि ते संपूर्ण बाजारावर पसरलेल्या इंडेक्स फंडात टाकायचे आहेत. एक मार्ग, आज सगळे टाकायचे. दुसरा, आजपासून दर महिन्याला २०,००० असे बारा हप्ते करायचे आणि तोवर उरलेल्या पैशावर ५ टक्के व्याज घ्यायचं.

युनिटचा आजचा भाव १०० धरू. थोडंथोडं टाकण्याच्या बाजूने जे चित्र नेहमी दाखवलं जातं, ते असं. भाव सहा महिन्यांत १०० वरून ७० वर येतो आणि पुढच्या सहा महिन्यांत परत १०० वर जातो. एकदम टाकणाऱ्याचे २,४०,००० वर्षाअखेर तेवढेच राहतात. हप्त्यांनी टाकणाऱ्याला भाव पडल्यावर त्याच २०,००० मध्ये जास्त युनिट मिळतात, ७० च्या भावाला २०० ऐवजी जवळपास २८६. वर्षाअखेर त्याच्याकडे, व्याज न धरताही, सुमारे २,८५,५०० होतात. चित्र खरं आहे, गणितही बरोबर आहे. पण ते एकाच आकाराच्या वर्षाचं चित्र आहे.

तेच उलटं करून पाहा. भाव सहा महिन्यांत १०० वरून १३० वर चढतो आणि वर्षाअखेर पुन्हा १०० वर येतो. एकदम टाकणारा इथेही जिथल्या तिथे, २,४०,०००. हप्त्यांनी टाकणाऱ्याने मात्र पहिला हप्ता सोडला तर प्रत्येक वेळी १०० पेक्षा महाग युनिट घेतले. त्याचे युनिट भरतात सुमारे २,१०० आणि त्यांची किंमत होते २,१०,०००. मधल्या काळातलं साडेपाच हजारांचं व्याज मिळवलं तरी तो साडेचोवीस हजार मागे आहे. भाव सुरुवातीला जेवढा होता तेवढाच शेवटी, आणि तरी तोटा. 'सरासरी' या शब्दाने आपोआप संरक्षण मिळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे उदाहरण एकदा स्वतः कागदावर मांडून पाहावं.

दोन्ही चित्रांत एक गोष्ट मात्र सारखीच घडते. ठरावीक रकमेचे हप्ते असले की आपल्याला पडलेला सरासरी भाव हा त्या बारा दिवसांच्या भावांच्या साध्या सरासरीपेक्षा थोडा कमीच असतो, कारण स्वस्त दिवशी जास्त युनिट येतात आणि महाग दिवशी कमी. हा गणिताचा नियम आहे, तो कधी चुकत नाही. पण त्याचा अर्थ लोक फार ओढून ताणून लावतात. त्या बारा दिवसांच्या सरासरीपेक्षा स्वस्त म्हणजे पहिल्या दिवसाच्या भावापेक्षा स्वस्त असं नव्हे. एकदम टाकणारा पहिल्या दिवसाचा भाव देतो. बाजार चढत गेला तर त्याचा भाव सगळ्यांत स्वस्त ठरतो.

आणि बाजार पडण्यापेक्षा चढण्यात जास्त वर्षं घालवतो. तसं नसतं तर त्यात दीर्घकाळ पैसे ठेवायला कारणच उरलं नसतं. वर्षभरात भाव सरळ १०० वरून १२० वर गेला तर एकदम टाकणाऱ्याचे २,८८,००० होतात आणि हप्तेवाल्याचे, व्याज धरून, सुमारे २,७०,०००. फरक १८,०००. भाव सरळ ७० वर घसरला तर एकदम टाकणाऱ्याकडे १,६८,००० उरतात आणि हप्तेवाल्याकडे, व्याजासह, सुमारे २,०२,०००. फरक ३४,०००. वाईट वर्षी मिळणारा दिलासा चांगल्या वर्षीच्या नुकसानापेक्षा मोठा दिसतो, पण चांगली वर्षं जास्त वेळा येतात. व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तीन देशांच्या बाजारांची जुनी आकडेवारी अशीच तपासली होती. सुमारे दोन-तृतीयांश वेळा एकदम टाकलेले पैसे बारा महिन्यांत टाकलेल्या पैशांपेक्षा पुढे राहिले.

याचं कारण समजायला अभ्यासाची गरज नाही, हप्ते मोजले तरी पुरे. पहिला हप्ता आजच जातो, दुसरा एक महिना थांबतो, बारावा अकरा महिने. सरासरी काढली तर प्रत्येक रुपया साडेपाच महिने बाहेर बसतो. २,४०,००० साडेपाच महिने बाहेर, म्हणजे १,१०,००० वर्षभर बाहेर ठेवल्यासारखेच. बाजार वर्षाला सरासरी ११ टक्के देईल आणि बाहेरचे पैसे ५ टक्के, असं धरलं तर फरक ६ टक्के. १,१०,००० वर ६ टक्के म्हणजे ६,६००. थोडंथोडं टाकण्याची ही सरासरी किंमत आहे, मूळ रकमेच्या पावणेतीन टक्के. मला हा आकडा विम्याच्या हप्त्यासारखा पाहायला आवडतो. हप्ता भरायचा की नाही हे प्रत्येकाने ठरवावं, पण विमा फुकट मिळतोय अशा समजुतीत राहू नये.

विमा म्हटला की तो कशापासून आणि किती दिवस वाचवतो हेही पाहायला हवं. हप्ते बारा असतील तर संरक्षण बारा महिन्यांचं, आणि तेही रोज घटत जाणारं. दहाव्या महिन्यात बाजार कोसळला तर बहुतेक पैसे आतच असतात. तेराव्या महिन्यात कोसळला, तर हप्त्यांनी टाकणारा आणि एकदम टाकणारा दोघांचे पूर्ण पैसे आत असतात आणि टक्केवारीत दोघांचं सारखंच नुकसान होतं. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी त्याने परत ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ ला, चौतीस वर्षांनी. मधे मार्च २००९ मध्ये तो ७,०५४ पर्यंत खाली आला होता. १९८९ मध्ये वर्षभर हप्ते करून ज्याने डिसेंबरपर्यंत सगळे पैसे आत नेले असतील, त्याला त्या हप्त्यांनी जवळजवळ काहीच वाचवलं नाही. ज्याचा पगार चालू होता आणि जो पुढेही दर महिन्याला घेत राहिला, त्याची गोष्ट निराळी, कारण त्याचे बहुतेक पैसे खालच्या भावांना आत गेले. म्हणजे आधार मिळाला तो पुढे येत राहिलेल्या नव्या पैशांचा. जुन्या रकमेचे तुकडे करण्याने तो मिळाला नाही.

म्हणून घसरणीची भीती खरीच असेल तर तिच्यावरचा इलाज तुकडे करण्यात नाही, वाटणीत आहे. २,४०,००० पैकी १,२०,००० आज इंडेक्स फंडात टाकायचे आणि १,२०,००० मुदत ठेवीत किंवा कर्जरोखे फंडात कायमचे ठेवायचे. बाजार ३० टक्के पडला तर एकूण रकमेचं नुकसान १५ टक्क्यांच्या आसपास राहतं. ते पहिल्या महिन्यातही तेवढंच आणि सातव्या वर्षीही तेवढंच, फक्त मधूनमधून वाटणी पुन्हा निम्मी-निम्मी करत राहावी लागते. बारा हप्त्यांत टाकणारा माणूस नकळत पहिल्या वर्षी सावध आणि दुसऱ्या वर्षापासून बेधडक असतो. त्याची जोखीम पेलण्याची ताकद बारा महिन्यांत बदललेली नसते, बदलतं फक्त कॅलेंडर.

याचा अर्थ तुकडे करणं चूक आहे असा नाही. एका माणसासाठी ते बरोबर आहे, असं मी ठामपणे म्हणेन. ज्याने आजवर स्वतःचे पैसे कमी होताना पाहिलेलेच नाहीत, त्याच्यासाठी. ज्याला आजवर फक्त मुदत ठेवीचीच सवय आहे, त्याने २,४०,००० एकदम टाकले आणि तिसऱ्या महिन्यात खात्यावर १,९०,००० दिसले, तर तो बहुधा काढून घेईल आणि पुढची दहा वर्षं बाजाराकडे फिरकणार नाही. त्या नुकसानापुढे ६,६०० काहीच नाहीत. पण मग हप्ते बारा कशाला? सहा केले तर सरासरी थांबणं अडीच महिन्यांवर येतं आणि किंमत ६,६०० वरून ३,००० वर. भाव खाली-वर होताना पाहायला सहा महिने पुरतात.

ते सहा हप्ते कसे करायचे, यात बरंच काही बिघडू शकतं. पैसे बचत खात्यात ठेवून दर महिन्याला 'आठवणीने' टाकायचे, हा बेत सहसा तिसऱ्या महिन्यात मोडतो. बाजार पडला की वाटतं, अजून पडू दे, मग टाकू. चढला की वाटतं, आता महाग झालं, जरा उतरू दे. दोन्ही वाक्यांचा परिणाम एकच, पैसे बाहेरच राहतात. जी पद्धत भावनेला बाजूला ठेवण्यासाठी घेतली, तिच्यात दर महिन्याला भावनेला नव्याने बोलावणं जातं. त्यामुळे सगळी रक्कम आधी लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या दिवसांच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात, टाकावी आणि तिथून ठरावीक तारखेला ४०,००० आपोआप इंडेक्स फंडात जातील अशी एसटीपी लावावी. तारखा आणि रकमा कागदावर लिहून ठेवाव्यात. एक जरी हप्ता पुढे ढकलला गेला, तर योजना मोडली असं समजावं आणि उरलेली रक्कम त्याच आठवड्यात टाकून विषय संपवावा. हे कडक वाटेल, पण अर्धवट राहिलेली योजना वर्षानुवर्षं तशीच पडून राहते.

आणखी एक प्रमाण पाहण्यासारखं आहे. हे २,४०,००० म्हणजे महिन्याच्या १५,००० बचतीचे सोळा हप्ते. पुढची वीस वर्षं नोकरी चालली तर असे २४० हप्ते येणार आहेत, पगारवाढ धरलीच नाही तरी. आज ज्या रकमेवरून झोप उडाली आहे, ती आयुष्यभराच्या गुंतवणुकीचा पंधरावा-सोळावा भाग आहे. बाकी सगळं पगाराच्या तालावर तुकड्यातुकड्यानेच जाणार आहे. नव्याने नोकरी करणाऱ्याची गुंतवणूक मुळातच वीस वर्षांत पसरलेली असते. तिचा हा छोटा भाग पुन्हा तुकड्यांत वाटून सुरक्षिततेत फारशी भर पडत नाही. वारशाने किंवा जमीन विकून वीस वर्षांच्या बचतीइतके पैसे एकदम आलेल्या माणसाचं गणित निराळं. त्याची रक्कम पुढच्या पगारांच्या मानाने प्रचंड असते, आणि त्याने वाटणीचा विचार फार काळजीने करायला हवा.

दोन्ही मार्गांचा परतावा ताडून पाहताना हमखास एक चूक होते. वर्षभर दर महिन्याच्या १ तारखेला १५,००० टाकले, एकूण १,८०,००० झाले आणि वर्षाअखेर १,८९,००० दिसले. नफा ९,०००, म्हणजे ५ टक्के, असं बरेच जण म्हणतात आणि शेजारच्या एकरकमी गुंतवणुकीचे ९ टक्के पाहून हिरमुसतात. पण शेवटचा हप्ता आत जाऊन एकच महिना झालेला असतो. पैसे सरासरी साडेसहा महिनेच आत होते. वार्षिक दर काढला तर तो सुमारे ९.४ टक्के येतो. हा दर काढायला स्प्रेडशीटमध्ये दुसऱ्या ओळीपासून A रकान्यात तारखा लिहायच्या, B मध्ये बारा हप्ते उणे चिन्हाने, आणि त्यांच्याखाली चौदाव्या ओळीत आजची तारीख व आजची किंमत अधिक चिन्हाने. मग हे सूत्र:

```
=XIRR(B2:B14, A2:A14)
```

उलट फसवणूकही याच आकड्यातून होते. पहिल्या पाच-सहा महिन्यांत हे सूत्र ४० टक्के किंवा उणे ३५ टक्के असले आकडे दाखवतं, कारण थोड्या दिवसांची हालचाल ते वर्षभराच्या दरात ताणून दाखवतं. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत त्याकडे पाहू नये.

वर्षं सरत जातात तसा एसआयपीचा स्वभावही बदलतो, हे फार कमी लोक सांगतात. पहिल्या वर्षी बाजार ३० टक्के पडला तर लागणारी झळ किरकोळ असते आणि पुढचे हप्ते स्वस्तात जातात. नव्या माणसासाठी ती घसरण फायद्याचीच. दहा वर्षांनी दर महिन्याच्या १५,००० चे, वार्षिक १० टक्के धरले तर, सुमारे ३० लाख झालेले असतात. त्या वेळी महिन्याचा हप्ता असतो एकूण रकमेच्या अर्धा टक्का. त्याने आता सरासरी हलत नाही. ३० टक्क्यांची घसरण आली तर ९ लाख जातात, म्हणजे साठ महिन्यांचे हप्ते. नाव अजून एसआयपीचं असतं, पण ती रक्कम वागते एकरकमी गुंतवणुकीसारखी. 'माझी एसआयपी चालू आहे, मला घसरणीची काळजी नाही' हे वाक्य दुसऱ्या वर्षी खरं असतं आणि बाराव्या वर्षी जवळजवळ खोटं.

तुकडे करण्याची खरी गरज तेव्हा लागते, आणि तीही बाहेर पडताना. समजा बाराव्या वर्षी घरासाठी १२ लाख लागणार आहेत. तर नवव्या वर्षाच्या शेवटी इंडेक्स फंडातून दर महिन्याला ३३,००० च्या आसपास काढून लिक्विड फंडात किंवा मुदत ठेवीत नेणारी उलटी एसटीपी लावायची. छत्तीस महिन्यांत रक्कम बाजाराबाहेर येते आणि सही करण्याच्या आदल्या महिन्यात भाव काय आहे याने घराचा व्यवहार अडत नाही. बाजार चढता असेल तर इथेही थोडी किंमत मोजावी लागते, तीही मघाच्याच पद्धतीने मोजता येते. पण आत शिरताना पुढे दहा वर्षं हातात होती. इथे तारीख ठरलेली आहे. आणि एक लक्षात ठेवावं, की विकताना प्रत्येक हप्त्याच्या युनिटचा काळ वेगळा मोजला जातो. दहा वर्षांची एसआयपी म्हणजे सगळेच युनिट दहा वर्षांचे नव्हेत, शेवटचा हप्ता महिन्याभरापूर्वीचा असतो आणि त्याच्यावर कराचा किंवा लवकर काढल्याच्या शुल्काचा वेगळा नियम लागू शकतो. काढण्याच्या वर्षभर आधी नवे हप्ते थेट लिक्विड फंडाकडे वळवले, की ही अडचण येत नाही.